मान वर करा, पण आधी थांबा

किल्ल्याची ऑडिओ टूर लिहायची म्हटलं की माणूस आधी इतिहासाची पुस्तकं काढून बसतो. आमच्या बेळगावच्या किल्ल्याचं तसंच झालं. वाचनालयातल्या मंडळींना हौस आली, की सुट्टीत पुण्या-कोल्हापुराहून येणाऱ्या पाहुण्यांना मोबाईलवर ऐकत ऐकत किल्ला फिरता यावा, आणि तोही मराठीत. तात्यांनी दोन दिवसांत टिपण काढून दिलं. रट्ट, यादव, विजयनगर, बहमनी, आदिलशाही, मोगल, मराठे, इंग्रज, सगळे ओळीनं उभे. तात्या निवृत्त मास्तर, त्यामुळे एकही राजा गैरहजर नव्हता. टिपण वाचायला उत्तम होतं. पण ते घेऊन उन्हात उभं राहून ऐकायचं म्हटलं, तर दुसऱ्या सुलतानापर्यंत माणूस सावली शोधायला लागला असता.

ऑडिओ टूरचा मजकूर हा लेख नव्हे आणि भाषणही नव्हे. ऐकणाऱ्याचे पाय चालू असतात, डोळे काहीतरी शोधत असतात, हातात पाण्याची बाटली आणि बहुधा एखादं मूल असतं. कानाच्या वाट्याला जे उरतं तेवढ्यावर आपल्याला काम भागवायचं. म्हणून मी पहिला नियम ठरवला: चालताना फक्त वाट सांगायची, इतिहास सांगायचा तो थांबल्यावर. तात्यांना हा नियम अजिबात आवडला नाही. "मग चालताना त्यांनी करायचं काय?" चालायचं, मी म्हटलं. त्यातच निम्मी मेहनत आहे.

हा नियम कुठून आला ते हिशेबानं सांगते, कारण सगळी संहिता या हिशेबावरच उभी राहते. सावकाश, ठसठशीत मराठी बोलणारा माणूस मिनिटाला साधारण ११० शब्द बोलतो. बातम्या वाचणारे याच्या बरेच पुढे जातात, पण बातम्या ऐकताना कुणी दगडाच्या पायऱ्या चढत नसतं. म्हणजे दोन मिनिटांच्या थांब्याला २२० शब्द, वहीचं जेमतेम एक पान. आता चाल बघा. माझी भाची मिनिटाला ८० मीटर जाते, तीही फोनमध्ये बघत. आत्याचे गुडघे धरले तर मिनिटाला ५०. समजा दोन थांब्यांमध्ये २०० मीटर अंतर आहे. भाची अडीच मिनिटांत पोहोचते, आत्याला चार लागतात. मधल्या दीड मिनिटात आपला आवाज १६५ शब्द बोलून मोकळा झालेला असतो. एकच सलग ट्रॅक लावून दिला आणि चालायला सरासरी तीन मिनिटं सोडली, तर आत्या अजून वाटेतच असताना तिला ऐकू येणार, "आता मान वर करा."

चाचणीच्या फेरीत नेमकं हेच पाहायचं होतं, म्हणून आत्याला मुद्दाम सलग ट्रॅक दिला. आवाजानं मान वर करायला सांगितलं, तिनं केली. वर विजेच्या तारा होत्या आणि त्यांवर दोन साळुंक्या. ती तशीच उभी राहिली, गोरीमोरी झाली आणि आमच्याकडं वळून म्हणाली, "कुठं बघायचं ते आधी सांग की गं. मग बघतो."

तेव्हा ठरलं, की टूर तुकड्यातुकड्यांत करायची. प्रत्येक थांब्याचा वेगळा ट्रॅक. थांब्याच्या ट्रॅकच्या शेवटी पुढची वाट सांगायची आणि स्पष्ट म्हणायचं: "तिथं पोहोचलात की तिसरा ट्रॅक लावा. घाई नाही." मग चालायला अडीच मिनिटं लागोत की दहा, आवाज त्यांची वाट बघतो. मोठ्या वस्तुसंग्रहालयांतल्या यंत्रांतही नंबर दाबून ऐकायची सोय असते ती याचसाठी. उपग्रहावरून जागा ओळखून आपोआप सुरू होणारं ॲपही करता येतं, पण तटाजवळ आणि झाडांखाली फोनचा अंदाज पंधरा-वीस मीटर सहज चुकतो. आमच्यासारख्यांना फाईल हातानं लावणंच बरं.

वेळा मात्र लिहायच्याच. ट्रॅकच्या नावातच लांबी घालायची: "२ – खंदक – १ मि. ५० से." ऐकणाऱ्याला कळतं की इथं किती वेळ उभं राहायचं आहे, सावलीत सरकायचं की नाही, पोराला खाली उतरवायचं की नाही. सगळं मिळून बोलणं वीस मिनिटांच्या आत बसवलं. फिरणं, बघणं, चपला काढणं-घालणं धरून पाऊण तास ते तास लागतो. ज्यांच्याबरोबर आजी आहेत त्यांनी सव्वा तास धरावा, हे पहिल्याच ट्रॅकमध्ये सांगून टाकलं.

आता वाट सांगण्याविषयी. हे काम दिसायला सोपं आणि करायला फार चिवट आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं. लिहिताना त्याची गंमत असते, पण चालणाऱ्याला ती घातक ठरते. "समोर दिसणाऱ्या दगडी चौथऱ्याला वळसा घालून गेल्यावर येणाऱ्या पायऱ्यांच्या अलीकडे थांबा," असं म्हणेपर्यंत भाची पायऱ्यांच्या पलीकडे गेलेली असते. म्हणून क्रिया आधी: "थांबा. पायऱ्या समोर आहेत, त्या अजून चढू नका." तोडलेली, ओबडधोबड वाक्यं, पण पायांना कळणारी. एका दमात दोनपेक्षा जास्त सूचना नाहीत. "डावीकडे" नुसतं म्हणायचं नाही, आधी तोंड कुठं करायचं ते सांगायचं: "तळं पाठीशी ठेवा. आता तुमच्या डाव्या हाताला." पाठ कुणाकडे हे ठरलं की डावं-उजवं चुकत नाही. हे न केल्यामुळे कितीतरी छापील मार्गदर्शिका वाचणारे लोक देवळाला उलटी प्रदक्षिणा घालताना मी पाहिलेत.

खुणा निवडताना अजून सावध राहायला लागतं. चहाची गाडी, निळा फलक, उभी केलेली जीप, नवा रंग मारलेलं गेट, यांपैकी काहीही पुढच्या वर्षी असेलच असं नाही. झाडं बरी, पण आमच्याकडे जून ते सप्टेंबर पावसाची झड लागते आणि वाऱ्यात मोठमोठी झाडंही आडवी होतात. उरतो तो दगड, पाणी आणि देऊळ. त्यामुळे सुरुवात किल्ला तलावाच्या काठावरून करायची हे ठरायला वेळ लागला नाही. मुख्य बसस्टँडपासून जवळ, कन्नड माणसाला "कोटे केरे" म्हटलं तरी तो बोट दाखवतो, आणि उंच राष्ट्रध्वज लांबून दिसतो. वाट चुकली तर कुणाला काय विचारायचं हेही संहितेतच घातलं. तिथं भेटणारा माणूस कन्नड, मराठी, उर्दू किंवा लष्करी हिंदी बोलणारा असू शकतो. त्याला "बाराव्या-तेराव्या शतकातलं जैन मंदिर" विचारलं तर तो गोंधळेल, "कमल बस्ती" म्हटलं की हात आपोआप वर होतो.

दुसरा थांबा खंदकाचा. इथं माझा आणि तात्यांचा खरा वाद झाला. त्यांचं म्हणणं, खंदकावरून जाणाऱ्या रस्त्यावर मधोमध उभं करावं, तिथून दृश्य चांगलं दिसतं. दृश्य दिसतं हे खरं, पण तो रहदारीचा रस्ता आहे. आत लष्कराची हद्द, वसाहत, आश्रम, देवळं, मशीद सगळं आहे. मोटारसायकली येतात-जातात. कानात बोंडं घातलेल्या माणसाला मागून येणारा हॉर्न ऐकू येत नाही. तेव्हा थांबा रस्ता ओलांडायच्या अलीकडे, कडेला, आणि पहिलं वाक्य: "एक कान मोकळा ठेवा." त्यानंतर: "खंदकाच्या काठाला जाऊ नका, इथूनच दिसतो." फोटो काढण्यासाठी मागं मागं सरकणारी माणसं ही कुठल्याही किल्ल्यावरची सगळ्यात धोक्याची गोष्ट. तेव्हा "जरा मागं या" ही सूचना संहितेत कुठंच नाही.

खंदकाविषयी काय सांगायचं? तात्यांच्या टिपणात तीन वेढे होते. मी एकच ठेवला. १४७२–७३ मध्ये बहमनी वजीर महमूद गवानानं हा किल्ला घेतला, त्या वेढ्याचा. फिरिश्ता नावाचा इतिहासकार लिहितो, की गवानानं तटाखाली भुयारं खणून त्यांत दारू ठासली आणि भिंत उडवली, आणि अशी सुरुंगाची युक्ती दख्खनमध्ये तोवर कुणाला ठाऊक नव्हती. ही एक गोष्ट घेतली, कारण ती ऐकताना डोळ्यांना काम मिळतं. संहितेत ती अशी उतरली:

"समोरचा तट बघा. वरून खाली या, अगदी पायापर्यंत. आता खंदक बघा. पावसाळ्यात आला असाल तर पाणी दिसेल. उन्हाळ्यात आला असाल तर झाडोरा आणि चिखल. (तीन सेकंद) पाणी फक्त पोहून येणाऱ्याला अडवायला नव्हतं. ज्याला तटाखाली भुयार खणायचं आहे, त्यालाही ते अडवतं. खणायला गेला की भुयारात पाणी. तरीही साडेपाचशे वर्षांपूर्वी कुणीतरी ते करून दाखवलं…"

यातलं "पावसाळ्यात आला असाल तर" हे वाक्य फार उशिरा सुचलं असलं तरी त्याच्याशिवाय ट्रॅक चालत नाही. ऑगस्टात रेकॉर्ड केलेला आवाज मार्चमध्ये "हे भरलेलं पाणी पाहा" म्हणत असेल, तर ऐकणाऱ्याचा पुढच्या सगळ्यावरचा विश्वास उडतो. दिसत नाही ते सांगणारा आवाज खोटा वाटतो, मग तो शिलालेखाबद्दल कितीही खरं बोलो. "साडेपाचशे वर्षांपूर्वी" हेही मुद्दाम. सन ऐकून कुणाला काही होत नाही, अंतर ऐकून होतं. आणि एका थांब्याला शक्यतो एकच आकडा. दुसरा आला की पहिला कानातून गळतो.

तोफांचे आवाज घालायची सूचना आली होती. भाचीच्या मित्राकडे तसले आवाज ढिगानं आहेत. नको म्हटलं. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या साठीच्या माणसाच्या कानात अचानक स्फोट करून आपण इतिहास शिकवत नाही.

दारातून आत शिरताना दुर्गादेवीचं देऊळ लागतं, गणपतीही आहे. तिथं ट्रॅकच नाही. लोक आपापला नमस्कार करतात, त्यात आपण मध्ये बोलू नये. आधीच्या ट्रॅकच्या शेवटी एवढंच: "देवळात जायचं असेल तर जाऊन या. आवाज बंद राहील."

आता कमल बस्ती. सगळ्या टूरमधला हा सगळ्यात लांब थांबा, आणि माझ्या मते लोकांनी किल्ल्यात फक्त एकाच ठिकाणी उभं राहायचं ठरवलं, तर ते इथंच. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज यानं १२०४ च्या सुमारास हे मंदिर बांधलं. गाभाऱ्यात काळ्या दगडातले नेमिनाथ, बावीसावे तीर्थंकर. पुढच्या मंडपाच्या छतात दगडाचं मोठं कमळ, खाली तोंड केलेलं, मधली कळी खाली लोंबणारी. पाकळ्या बहात्तर: मागच्या काळातले चोवीस तीर्थंकर, या काळातले चोवीस, पुढे होणारे चोवीस.

एवढी माहिती कुणीही देईल. अडचण पुढे आहे. बाहेरच्या झळझळीत उन्हातून मंडपात आलेल्या माणसाला पहिली काही सेकंद वर काही धड दिसत नाही. डोळे सावलीला सरावायला अर्धा मिनिट तरी जातं. आणि मान वर करून उभं राहायचं म्हटलं, तर आत्याच्या वयाच्या माणसाला वीस सेकंदांनंतर गरगरायला लागतं. म्हणजे आपल्याजवळ बघायला वीस सेकंदांची एक खिडकी आहे, आणि तीही अर्धा मिनिट उशिरा उघडणारी. पहिल्या मसुद्यात "वर बघा" पहिल्याच ओळीत होतं आणि बिचिराजाची हकिगत नंतर. तिची उलटापालट केली. आधी बिचिराज, मग कमळ. डोळे सरावेपर्यंत कानाला काम दिलं.

शिवाय उभं कुठं करायचं? मंडपाच्या मधोमध, कळीच्या बरोबर खाली, हे सगळ्यांना सुचतं. तिथं उभं राहून बघताना एका बाईंनी हळूच म्हटलं, "जरा बाजूला होता का? दर्शन घ्यायचं आहे." बरोबरच होतं त्यांचं. मधोमध उभा राहणारा माणूस नेमिनाथ आणि दर्शनाला आलेला माणूस यांच्या मध्ये येतो. ही चालती बस्ती आहे, इथं पूजा होते, आणि आपण पाहुणे. एक पाऊल बाजूला सरकलं तरी कमळ तेवढंच दिसतं, किंबहुना तिरकं बघितल्यामुळे पाकळ्यांची खोली जास्त कळते. मग संहिता अशी झाली. कंसातलं आवाजात बोलायचं नाही, ते वाचणाऱ्यासाठी:

"चपला बाहेर काढल्यात ना? मग आत या. आवाज फक्त तुमच्या कानात राहू दे, फोनचा स्पीकर बंद ठेवा. गाभाऱ्याकडे तोंड करा. मधून एक पाऊल बाजूला व्हा, दर्शनाची वाट मोकळी सोडा. थांबा. (पाच सेकंद)

अजून वर बघू नका. समोर, आत, काळ्या दगडात नेमिनाथ आहेत. आठशे वर्षांपूर्वी, बेळगावाला वेणुग्राम म्हणत तेव्हा, इथल्या राजाच्या एका मंत्र्यानं ही बस्ती उभी केली. त्याचं नाव बिचिराज. जवळचा खांब बघा. हात लावू नका, नुसता बघा. किती गुळगुळीत केलाय तो. (चार सेकंद)

आता मान वर. सावकाश. (आठ सेकंद शांतता) ते कमळ खाली तोंड करून उमललंय. मधली कळी तुमच्याकडं झुकलीय. पाकळ्या मोजत बसू नका, मी सांगते. बहात्तर. (पाच सेकंद) मान खाली घ्या. दुखली असेल तर चोळा.

बहात्तर का, ते आता सांगते…"

"मोजत बसू नका" ही ओळ घातली नव्हती तेव्हा भाची मोजायला लागली होती. एकदा मोजणं सुरू झालं की पुढचं काहीच ऐकू येत नाही, आणि वर्तुळात मोजणारा माणूस सुरुवात कुठून केली ते विसरतोच. बहात्तरचं कारण मान खाली घेतल्यावर सांगितलं, म्हणजे पुन्हा एकदा वर बघावंसं वाटतं. दुसऱ्यांदा बघायला आपण सांगत नाही, लोक आपण होऊन बघतात. चाचणीला आलेल्या सगळ्यांनी बघितलं.

आठ सेकंद शांतता कागदावर काहीच वाटत नाही. कानात मात्र ती फार मोठी होते, ऐकणाऱ्याला वाटतं फोन बंद पडला. म्हणून ती निखळ शांतता ठेवायची नाही. मंडपातच थोडा वेळ धरून ठेवलेला हवेचा, पाखरांचा बारीक आवाज खाली सोडायचा. आवाज चालू आहे एवढं कानाला कळलं की माणूस निवांत बघतो.

याच थांब्यात आणखी एक गोष्ट सांगायची होती, जी तिथं नाहीच. या बस्तीला दिलेल्या दानांची नोंद करणारे दोन शिलालेख, जुन्या कन्नडमधले, आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत कार्तवीर्य आणि त्याचा धाकटा भाऊ मल्लिकार्जुन यांची नावं येतात, बिचिराजाची येते, दान ज्यांच्या हाती सोपवलं त्या शुभचंद्र भट्टारकांचंही येतं. बिचिराजाविषयी आपण जे सांगतो ते त्या दगडांमुळेच. नसलेली वस्तू कानानं दाखवायची कशी? आधी वाटलं, सोडून द्यावं. मग ते वाटेच्या ट्रॅकमध्ये घातलं, बस्तीतून बाहेर पडून चपला घालताना ऐकायला. तिथं तसंही बघायला काही नसतं, माणूस एका पायावर उभा असतो. चाळीस सेकंदांचा मजकूर, शेवटचं वाक्य: "दगड लंडनात, बस्ती इथं." तात्यांना हे वाक्य इतकं आवडलं की त्यांनी त्याबद्दल दोन सुलतान कमी करायला संमती दिली.

सफा मशिदीचा थांबा छोटा ठेवला, एक मिनिट. आदिलशाहीतला सरदार असदखान लारी यानं १५१९ मध्ये ती बांधली. आतल्या काही खांबांवर जुने लेख आहेत, रट्टांच्या आणि देवगिरीच्या यादवांच्या काळातले. म्हणजे खांब आधीच्या इमारतींचे. इथं शब्द जपून वापरावे लागतात, कारण ऐकणारा कोण आहे हे आपल्याला माहीत नसतं आणि आवाजात चढलेला सूर लगेच ऐकू येतो. मी ठरवलं, जे खांबावर दिसतं आणि वाचलं गेलंय तेवढंच. "हा खांब मशिदीपेक्षा तीनशे वर्षांनी मोठा आहे." बाकी प्रत्येकाचं डोकं चालतं. नमाजाची वेळ असेल तर हा ट्रॅक बाहेर उभं राहून ऐकावा, शुक्रवारी दुपारी तर नक्कीच, हे आधीच सांगितलं.

१८१८ चा इंग्रजांचा वेढा मी गाळणार होते. पण परतीच्या वाटेवर तट पुन्हा समोर येतो, तेव्हा तीस सेकंद त्याला दिले: जनरल मन्रोची फौज, तीन आठवडे, एप्रिलमध्ये किल्ला पडला, पेशवाईचा अंमल इथून उठला. जातानाच्या पायांना तेवढंच झेपतं.

रेकॉर्डिंग घरीच केलं. आवाज भाचीचा. माझा आवाज माईकवर कडक होतो, ऐकणाऱ्याला उगाच शाळेत आल्यासारखं वाटतं. आतल्या खोलीत गाद्या भिंतीला उभ्या केल्या आणि पहाटे बसलो, रिक्षा सुरू व्हायच्या आत. मराठी रेकॉर्ड करताना एक त्रास ठरलेला: ख, फ, भ आले की तोंडातला वारा माईकवर आदळतो आणि फटकन आवाज येतो. "खंदक", "खांब", "भुयार", "गाभारा", आमच्या संहितेत तर तेच शब्द दर ओळीला. माईक तोंडासमोरून काढून गालाच्या बाजूला तिरका धरला, वीतभर अंतरावर, तेव्हा ते गेलं. खात्री करायची तर "भुयारातला भपका" असं म्हणून हेडफोनवर ऐकायचं. फट ऐकू आली की माईक अजून तिरका.

सगळं मोनो ठेवलं, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज. भाचीला डाव्या कानातून "डावीकडे वळा" असा प्रकार करायचा होता. पण बसस्टँडवर दहा मिनिटं उभं राहून बघावं, नवरा-बायको एका हेडफोनचं एकेक बोंड वाटून घेतात. डाव्या कानातली सूचना मग नवऱ्यालाच ऐकू येते, आणि बायको सरळ चालत राहते. मोनोचा दुसरा फायदा आकाराचा. सेकंदाला ६४ किलोबिटच्या एमपीथ्रीला मिनिटाला अर्धा एमबीपेक्षा कमी लागतं, वीस मिनिटांचं सगळं दहा एमबीच्या आत बसतं. बसमध्ये बसल्या बसल्या उतरवून घेता येतं. किल्ल्याच्या जुन्या दगडांवर आपला क्यूआर कोड चिकटवण्याचा तर प्रश्नच नाही. तो वाचनालयाच्या फळ्यावर लावला आहे, आणि पाहुण्यांच्या व्हॉट्सॲपवर फाईल जाते.

बोलीबद्दलही थोडी घासाघीस झाली. आमचं घरातलं बोलणं "हाय की", "या की", "बघ की" असं. पुण्याच्या पाहुण्याला ते गोड लागतं, पण सूचनांमध्ये ते अडचणीचं होतं, "थांबा की" म्हटलं तर तो आग्रह वाटतो, आज्ञा वाटत नाही. म्हणून वाटेच्या सूचना साध्या प्रमाण मराठीत, आणि स्वागताच्या ट्रॅकमध्ये मात्र भाची मनसोक्त बोलते: "आलासा नव्हं? मग चला की!" तेवढ्यावर आत्या खूश झाली.

शेवटचा ट्रॅक सगळ्यात कमी सुंदर आहे आणि सगळ्यात जास्त वापरला जातो. त्यात राजा नाही, दगड नाही. "आलात त्याच दारानं बाहेर या. लष्कराच्या पाट्या दिसतील तिथून आत जाऊ नका, फोटोही काढू नका. तळ्याच्या काठानं बसस्टँडकडे जाता येतं. पाणी प्या." तात्यांनी तिथं एक श्लोक सुचवला होता. तो बाजूला ठेवला आणि त्या जागी रिक्षा कुठं मिळते ते घातलं. सध्या मंडपातल्या ट्रॅकमध्ये एक दुरुस्ती बाकी आहे. "चपला बाहेर काढल्यात ना?" हे चपला काढल्यावर ऐकू येतं, त्याऐवजी ते आधीच्या ट्रॅकच्या शेवटी जायला हवं. भाचीची परीक्षा संपली की ते करून घेऊ.